घराला कुलूप, पार्सल वाटेत

गावाला जायच्या आदल्या दिवशी दूधवाल्याला सांगितलं जातं, पेपरवाल्याला सांगितलं जातं, गॅसचा कॉक बंद होतो, कुंड्या शेजारी जातात. चार दिवसांपूर्वी मागवलेल्या पार्सलचं काय करायचं, हे मात्र गाडी खोपोली सोडून पुढे गेल्यावर आठवतं. तेही ‘तुमचं पार्सल आज पोहोचेल’ असा मेसेज आला म्हणून. मग फोनाफोनी सुरू होते. कुरिअरवाला म्हणतो विक्रेत्याला सांगा, विक्रेता म्हणतो कुरिअरशी बोला. या टोलवाटोलवीत पार्सल दोन-तीनदा बंद दारापर्यंत येतं आणि जिथून निघालं तिथे परत जातं.

हा घोळ टाळता येतो. त्यासाठी आधी एक ध्यानात घ्यायला हवं की, वाटेतल्या वस्तूचं काय करायचं हे ठरवणारा माणूस दर वेळी वेगळा असतो. टपालाने येणाऱ्या वस्तूबाबत पोस्ट तुमचं, म्हणजे पत्त्यावर नाव असलेल्या माणसाचं ऐकतं. खासगी कुरिअरने येणाऱ्या वस्तूबाबत कुरिअर कंपनी विक्रेत्याचं ऐकते, कारण तिचं बिल तो भरतो. तुम्ही तिचे ग्राहक नसताच. आणि पासपोर्ट किंवा बँकेचं कार्ड असेल, तर पाठवणाऱ्या कार्यालयाच्या नियमापुढे कोणाचंच फारसं चालत नाही. चुकीच्या माणसाकडे विनंती करण्यात पहिले दोन दिवस जातात, आणि बहुतेक पार्सलं त्या दोन दिवसांतच हातची जातात.

बंद दारापुढे काय घडतं

कुरिअरचं पार्सल शहरात आलं की तुमच्या भागातल्या हबवर उतरतं. हब म्हणजे बहुधा एखाद्या गल्लीतला शटरचा गाळा. सकाळी तिथे डिलिव्हरी बॉय आपापल्या भागाची पार्सलं स्कॅन करून घेतात आणि तुमच्या मोबाइलवर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ असा मेसेज येतो. बऱ्याच ठिकाणी या मुलांना पोहोचवलेल्या पार्सलमागे पैसे मिळतात. न पोहोचलेल्या पार्सलमागे त्यांच्या हाती काही पडत नाही, म्हणून बंद दारापुढे कोणी फार वेळ थांबत नाही. एक बेल, एक फोन आणि पुढचं घर.

फोन उचलला गेला नाही, की तो आपल्या ॲपमध्ये कारण निवडतो. कारणांची यादी तयारच असते : दार बंद, ग्राहक उपलब्ध नाही, फोन लागत नाही, पत्ता अपुरा, ग्राहकाने नाकारलं, ग्राहकाने पुढची तारीख मागितली. यातलं जे कारण तो दाबेल, त्यावर पार्सलचं पुढचं भवितव्य ठरतं. ‘पुढची तारीख मागितली’ असं दाबलं तर पार्सल हबवर थांबतं. ‘दार बंद’ असेल तर बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतं. ‘नाकारलं’ असं दाबलं गेलं, तर मात्र दुसरी फेरी होईलच याची खात्री नाही.

त्या नोंदीबरोबर विक्रेत्याच्या संगणकावर एक सूचना उमटते. त्या धंद्यातले लोक तिला ‘एनडीआर’ म्हणतात. विक्रेत्यापुढे साधारण तीन पर्याय असतात : पुन्हा प्रयत्न करा, फोन किंवा पत्ता दुरुस्त करा, किंवा परत पाठवा. त्याने ठरलेल्या मुदतीत काहीच कळवलं नाही, तर यंत्रणा आपल्या ठरलेल्या क्रमाने पुढे जाते. बहुतेक कंपन्या तीन वेळा प्रयत्न करतात. त्यानंतर ट्रॅकिंगवर ‘आरटीओ’ ही अक्षरं येतात. या आरटीओचा वाहन परवान्याशी संबंध नाही. पार्सल मूळ ठिकाणी परत निघालं, एवढाच त्याचा अर्थ.

एकदा ही अक्षरं आली की विषय जवळपास संपतो. पार्सलला परतीचं लेबल लागतं, ते परतीच्या पोत्यात भरलं जातं आणि हबवाल्याच्या हिशेबातून उतरतं. त्याला अर्ध्या वाटेतून मागे वळवणं क्वचितच जमतं. म्हणून जी काही विनंती करायची, ती पहिल्या फेरीआधी, आणि फार तर पहिल्या फेरीच्या संध्याकाळी.

कोथरूडचं पार्सल मालवणला का जात नाही?

‘पुण्यात आलंच आहे, तर तसंच पुढे मालवणला पाठवा ना,’ ही विनंती ऐकायला साधी वाटते. ती का अडते, हे पिनकोड पाहिल्यावर कळतं. सहा आकड्यांची ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी होते. पहिला आकडा विभाग सांगतो. 4 मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. पहिले तीन आकडे मिळून टपाल कुठल्या जिल्ह्याच्या छाननीला जाणार ते ठरतं आणि शेवटचे तीन टपाल वाटणारं कार्यालय दाखवतात. कोथरूडचा पिनकोड 411038, तर मालवणचा 416606. पहिले दोन आकडे सारखे आहेत, पण तिसऱ्या आकड्यालाच वाटा फुटतात.

खासगी कुरिअरही याच आकड्यांवर चालतात. पार्सल कुठल्या ट्रकमध्ये चढेल, कुठल्या हबला उतरेल आणि विक्रेत्याला किती पैसे पडतील, हे सारं पिनकोडवरून बुकिंगच्या वेळीच ठरलेलं असतं. त्यामुळे त्याच पिनकोडमध्ये घर नंबर बदलणं, शेजारच्या इमारतीत द्यायला सांगणं किंवा दुसरा मोबाइल नंबर देणं सहसा जमतं. पिनकोडच बदलायचा म्हटलं, की कुरिअरच्या लेखी ते नवं पार्सल ठरतं आणि त्याचे पैसे कोण देणार हा प्रश्न उभा राहतो. शिवाय मालवणजवळच्या तुमच्या वाडीपर्यंत ती कंपनी जातच नसेल, तर बोलणंच खुंटतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा : कुरिअरचं पार्सल गावाकडे वळवायच्या मागे लागू नका. तुमच्याच पिनकोडमध्ये ते कोण घेऊ शकेल, किंवा हबवर ते किती दिवस थांबेल, हे विचारा. अनेक कंपन्या हबवरून स्वतः नेण्याची सोय देतात. तिथे ट्रॅकिंग नंबर, ओळखपत्र आणि मोबाइलवर आलेला ओटीपी दाखवावा लागतो. शेजाऱ्याला पाठवणार असाल, तर ओळखपत्र कोणाचं चालेल हे आधी विचारून घ्या, नाहीतर त्याची फेरी फुकट जाईल.

पोस्टात लेखी अर्ज चालतो

सरकारी टपालाचं वागणं वेगळं आहे. पोस्टमन स्पीड पोस्ट घेऊन आला आणि घर बंद दिसलं, तर तो दारात सूचनेची चिठ्ठी टाकतो आणि पाकिटाच्या मागे तारीख घालून पेनने लिहितो : ‘घर बंद, सूचना दिली.’ खाली सही. पाकीट कार्यालयात परत जातं आणि साधारण सात दिवस तिथे ठेवलं जातं. त्या मुदतीत तुम्ही चिठ्ठी आणि ओळखपत्र घेऊन खिडकीवर गेलात, तर ते मिळतं. नाही गेलात, तर मागच्या बाजूला ‘मागणी नाही’ असा शेरा पडतो आणि पाकीट पाठवणाऱ्याकडे निघतं. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये सामावली गेली. त्यामुळे कोर्टकचेरीपासून विद्यापीठापर्यंत सगळ्यांची महत्त्वाची पाकिटं आता याच वाटेने येतात.

ही सात दिवसांची मुदत कमी पडणार असेल, तर निघण्यापूर्वी पोस्टमास्तरांना लेखी कळवावं. फोनवर किंवा पोस्टमनला रस्त्यात सांगून भागत नाही. त्याची सुट्टी असेल तर बदलीवर आलेल्या माणसाला त्यातलं काहीच माहीत नसतं. अर्ज असा असला तरी पुरतो :

*मा. पोस्टमास्तर यांस, मी खालील पत्त्यावर राहतो. दि. 12 ते 24 सप्टेंबर या काळात मी परगावी आहे. या काळात माझ्या नावे येणारं टपाल परत न पाठवता कार्यालयात ठेवावं. मी 25 तारखेला येऊन घेईन. सोबत आधार कार्डाची प्रत जोडली आहे.*

‘कार्यालयात ठेवावं’ याच्या जागी ‘पुढील पत्त्यावर पाठवावं’ असंही लिहिता येतं, किंवा ‘माझे बंधू यांच्याकडे द्यावं’ असंही. भावाकडे द्यायचं असेल तर त्याचं पूर्ण नाव, त्याच्या सहीचा नमुना आणि ओळखपत्राची प्रत जोडून अधिकारपत्र करून द्यावं. अर्जाची दुसरी प्रत न्यावी आणि तिच्यावर कार्यालयाचा तारखेचा शिक्का मारून घ्यावा. पुढे काही बिनसलं तर बोलायला तोच आधार.

अर्ज कुठे द्यायचा, इथेही लोक चुकतात. तुमच्या घराजवळचं पोस्ट आणि तुमच्या घरी टपाल वाटणारं पोस्ट एकच असेल, असं नाही. काही पोस्टांत फक्त बचत खाती आणि तिकिटांची खिडकी असते. वाटप दुसऱ्याच कार्यालयातून होतं. जुन्या एखाद्या स्पीड पोस्टचं ट्रॅकिंग उघडलं, तर शेवटच्या ओळीत वाटप करणाऱ्या कार्यालयाचं नाव दिसतं. अर्ज तिथे द्यावा.

टपाल परत गेलं तर काय बिघडतं, असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. चेक न वटल्याची नोटीस योग्य पत्त्यावर पाठवली आणि ‘घर बंद’ किंवा ‘मागणी नाही’ असा शेरा घेऊन परत आली, तरी ती पोहोचली असं कायदा धरून चालतो. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 27 मध्ये हे गृहीतक आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये अलावी हाजी प्रकरणात ते चेकच्या नोटिशीला लावून दाखवलं. आपण खरोखरच गावाला होतो हे सिद्ध करायची संधी मिळते, पण ते ओझं नोटीस चुकवलेल्या माणसावर पडतं. ज्यांचे पैशांचे व्यवहार चालू आहेत, त्यांनी दीर्घ प्रवासाला निघताना घरचं टपाल कोणीतरी उघडून पाहील, अशी व्यवस्था करूनच निघावं.

न वळणारी पाकिटं

पासपोर्ट स्पीड पोस्टने अर्जातल्या पत्त्यावर येतो आणि पोस्टमन ओळखपत्र पाहून देतो. घर बंद राहिलं तर तो पोस्टात थांबून पासपोर्ट कार्यालयाकडे परत जातो. तिथून तो ओळख पटवून घ्यावा लागतो किंवा पुन्हा पाठवायची विनंती करावी लागते. त्याचा पत्ता वाटेत बदलून मिळत नाही, कारण पत्त्याची पोलिस पडताळणी झालेली असते आणि पासपोर्ट त्याच पत्त्यावर पोहोचावा, असा त्यामागचा हेतू असतो. म्हणून पासपोर्टचा अर्ज करताना पुढचे काही आठवडे आपण घरी आहोत ना, हे आधी पाहावं. परदेश प्रवासाआधी नूतनीकरण करून लगेच गावी जाणारे इथेच अडकतात.

बँकेचं कार्ड, चेकबुक यांचंही तसंच. बहुतेक बँकांचे कुरिअर ओळखपत्र पाहतात, पुष्कळदा खुद्द खातेदारालाच पाकीट देतात आणि ते न मिळाल्यास बँकेकडे परत नेतात. इथे शेजाऱ्याची मदत होत नाही. परत गेलेलं कार्ड बँकेला सांगून पुन्हा मागवता येतं, पण त्यात दोन-तीन आठवडे सहज मोडतात. क्रेडिट कार्ड दिल्यापासून 30 दिवसांत सुरू केलं नाही, तर बँकेने ओटीपी घेऊन तुमची संमती विचारायची आणि ती मिळाली नाही तर ते खातं बंद करायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा महिनाभराच्या प्रवासाला निघताना नवं कार्ड मागवूच नये. मागवलं असेल तर शाखेत जाऊन घेता येईल का, ते विचारावं.

एक उदाहरण, तारखांसह

कोथरूडचं एक कुटुंब गणपतीसाठी मालवणला निघालं आहे असं धरू. शनिवार 12 तारखेला पहाटे निघणार, सोमवारी 14 ला चतुर्थी, परत यायचं गुरुवारी 24 ला. गुरुवारी 10 तारखेला, बॅगा भरताना, त्यांच्या नावाच्या चार वस्तू वाटेत किंवा वाटेच्या तोंडाशी आहेत.

पहिली वस्तू म्हणजे मुलीचं विद्यापीठाचं मूळ प्रमाणपत्र. स्पीड पोस्टने बुधवारी निघालं आहे. ते पुण्यात शुक्रवारी किंवा शनिवारी येईल. शनिवारी आलं तर दार बंद मिळेल आणि सात दिवसांची मुदत 19-20 च्या सुमारास संपेल. कुटुंब परततं 24 ला, म्हणजे मुदत चार-पाच दिवसांनी हुकते. इथे शुक्रवारी सकाळी टपाल वाटणाऱ्या कार्यालयात अर्ज द्यायचा : 25 पर्यंत ठेवा. मुलीचे काका कर्वेनगरला राहत असतील तर त्याहून चांगलं. त्यांच्या नावे मुलीच्या सहीचं अधिकारपत्र द्यायचं, म्हणजे प्रमाणपत्र कोणाच्या तरी हातात पडतं आणि पोस्टाच्या कपाटात दोन आठवडे राहत नाही. ते मालवणला वळवायचाही पर्याय आहे. पण सणाच्या गर्दीत मूळ प्रमाणपत्राचा आणखी एक प्रवास वाढवण्यात शहाणपण नाही.

दुसरी वस्तू प्रेशर कुकर. मोठ्या संकेतस्थळावरून मागवला, पैसे आधीच भरले, रविवारी 13 ला येणार. तो अजून गोदामातून निघाला नसेल तर ऑर्डरमध्ये जाऊन पत्ता बदलता येतो किंवा ऑर्डर रद्द करता येते, आणि हे पाच मिनिटांचं काम आहे. निघाला असेल तर ॲपमध्ये तारीख पुढे ढकलायची सोय दिसते का पाहायचं. पण ती थोड्या दिवसांपुरतीच असते, 24 पर्यंत ती ताणली जाणार नाही. मग उरतात दोन वाटा. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन नंबर डिलिव्हरीच्या सूचनेत लिहायचा आणि त्यांना सांगून ठेवायचं. किंवा रद्द करून परत आल्यावर मागवायचा. कुकरला घाई नसेल तर दुसरी वाट बरी. रद्द केल्याने कोणाचं फारसं नुकसान होत नाही; तीन फेऱ्या होऊन परत गेल्यावर मात्र विक्रेत्याला जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही पैसे पडतात.

तिसरी वस्तू येवल्याच्या एका विणकराकडून मागवलेली पैठणी. किंमत हजारांत आणि पैसे दारात द्यायचे. ही गोष्ट शेजाऱ्यांवर सोपवणं बरं नाही, कारण त्यांना रोख रक्कम काढून द्यावी लागेल आणि साडी तीच आहे का, हेही तेच ठरवणार. इथे सरळ विणकराला फोन करायचा : ‘दादा, आम्ही 24 पर्यंत गावी आहोत, 22 नंतर पाठवा.’ लहान विक्रेता हे आनंदाने ऐकतो. परत आलेली पैठणी म्हणजे त्याचे दोन्हीकडचे कुरिअरचे पैसे गेले आणि सणाच्या दिवसांत माल पंधरवडाभर अडकला.

चौथी वस्तू डेबिट कार्ड. जुनं हरवलं म्हणून मागवलेलं. ते वाटेत असेल तर थांबवायला फारसा मार्ग नाही. बँकेच्या हेल्पलाइनला कळवून ते परत आल्यास शाखेत ठेवायला सांगायचं, प्रवासासाठी यूपीआय आणि थोडी रोकड बाळगायची, आणि 25 ला शाखेत चौकशी करायची.

चारही वस्तूंचं उत्तर वेगळं आलं, कारण चौघांचे निर्णय चौघांकडे होते. पहिलीचा पोस्टाकडे, दुसरीचा संकेतस्थळाच्या ॲपकडे, तिसरीचा विणकराकडे, चौथीचा बँकेकडे. कुरिअरच्या हेल्पलाइनला केलेल्या एकाही फोनने यातला एकही प्रश्न सुटला नसता.

शेजारी, वॉचमन आणि ओटीपी

पार्सल शेजाऱ्याकडे द्यायचं ठरलं की ओटीपीचा प्रश्न येतो. मेसेज तुमच्या मोबाइलवर येतो, पार्सल त्यांच्या दारात. तो आकडा सकाळीच शेजाऱ्यांना पाठवून ठेवू नये. पार्सल प्रत्यक्ष दारात आल्यावर त्यांनी फोन करावा, बॉक्स फुटलेला नाही हे पाहावं आणि मग तुम्ही आकडा सांगावा. एकदा आकडा दिला की कंपनीच्या लेखी वस्तू पोहोचली. बॉक्स उघडून दाखवून देण्याच्या पद्धतीने येणारा मोबाइल किंवा टीव्ही असेल, तर तो शेजाऱ्यांवर ढकलूच नये. आतला दोष त्यांच्या लक्षात येईलच असं नाही आणि नंतर तक्रार करणं अवघड जातं.

वॉचमनकडे ठेवायचं असेल तर सोसायटीच्या नोंदवहीत तारीख, फ्लॅट नंबर आणि कंपनीचं नाव लिहून घ्यायला सांगावं. पाळी बदलली की तोंडी सांगितलेलं दुसऱ्या वॉचमनपर्यंत पोहोचत नाही. सहीचं टपाल मात्र अधिकारपत्राशिवाय वॉचमनकडे जाऊ नये, आणि पोस्टमनने दिलं तर ती तक्रारीची बाब आहे.

प्रवासात फोनचंही थोडं पाहावं लागतं. डिलिव्हरी बॉयचा फोन अनेकदा कंपनीच्या यंत्रणेतून अनोळखी नंबरवरून येतो. अनोळखी नंबर गप्प करणारी सोय चालू असेल, तर तो तुम्हाला ऐकूच येणार नाही आणि तिकडे ‘फोन लागत नाही’ अशी नोंद होईल. परदेशात तिथलं सिम घातलं असेल तरी तेच. ऑर्डरमधला संपर्क नंबर त्या काळापुरता घरी असलेल्या कोणाचा तरी द्यावा.

खोटी नोंद कशी ओळखायची

घरी माणूस असतानाही ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद पडते, हा अनेकांचा अनुभव आहे. दिवसभराचा भार पेलला नाही, की उरलेल्या पार्सलांवर संध्याकाळी हबमध्ये बसूनच कारणं दाबली जातात. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. नोंदीची वेळ रात्री आठ-नऊची, तुमच्या फोनवर एकही न उचललेला कॉल नाही, आणि सोसायटीच्या गेटवर त्या कंपनीच्या माणसाची नोंद नाही. अशा वेळी त्याच संध्याकाळी ट्रॅकिंगचा आणि कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि विक्रेत्याला लेखी कळवावं : मी पार्सल नाकारलेलं नाही, फोन आलेला नाही, पुन्हा प्रयत्न करा. तुमचं हे वाक्य हाती असलं की विक्रेता आपल्या पडद्यावरचा ‘पुन्हा प्रयत्न’ हा पर्याय बेधडक निवडतो. ते नसलं तर ‘नाकारलं’ ही नोंद त्याला खरीच वाटते.

तरीही पार्सल परत गेलं आणि पैसे अडकले, तर विक्रेत्याच्या किंवा संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. तेवढ्यावर भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

पार्सलची वाट पाहणारा माणूस भामट्यांनाही सोपा सापडतो. ‘तुमचं पार्सल गोदामात आलं, पत्ता अपुरा आहे, बारा तासांत दुरुस्त करा’ असा टपाल खात्याच्या नावाचा मेसेज येतो, लिंकवर पाच-दहा रुपये भरायला सांगतात आणि कार्डाचे तपशील उडवतात. दुसरा प्रकार फोनचा. ‘डिलिव्हरी बॉयशी जोडून देतो’ म्हणून *21* किंवा *401* ने सुरू होणारा नंबर दाबायला सांगतात. तो दाबला की तुमचे सगळे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात, बँकेचे ओटीपी सांगणारे कॉलही. चुकून दाबला गेलाच, तर `##002#` दाबून कॉल वळवणं बंद करावं आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवावं. पत्ता तपासायचा तर आलेल्या लिंकवरून नको. ट्रॅकिंग नंबर हाताने कंपनीच्या ॲपमध्ये घालून पाहावा.

दिवाळीचा फराळ आणि अमेरिकेतलं दार

महाराष्ट्रातून परदेशातल्या मुलांना फराळ पाठवणाऱ्यांनाही हाच प्रश्न उलट बाजूने पडतो : इकडून डबा निघाला आणि मुलगा-सून तिकडे फिरायला गेली. अमेरिकेच्या टपाल खात्यात घरचं सगळं टपाल 3 ते 30 दिवस रोखून धरायची विनामूल्य सोय आहे आणि ती ऑनलाइन आधीच लावता येते. भारतीय टपालाने पाठवलेलं पार्सल तिथे त्याच खात्याच्या हाती जातं, म्हणून त्याला ही सोय लागू पडते. खासगी एक्स्प्रेस कंपनीने पाठवलेल्या डब्याला ती लागत नाही. तिथे कंपनीने मुलाच्या ईमेलवर किंवा फोनवर पाठवलेल्या लिंकमधून तारीख बदलावी लागते. म्हणून बुकिंगच्या पावतीवर आपला नव्हे, तर त्याचा तिथला चालू फोन नंबर लिहावा. हजारो मैल जाऊन परत आलेल्या चकल्या कोणी खात नाही.

प्रवासाची तिकिटं काढली, त्याच दिवशी फोनमध्ये ऑर्डरची यादी एकदा उघडून पाहा. निघायच्या आधी पोहोचणार नाही ते रद्द करा किंवा पुढे ढकला. पोस्टात अर्ज द्या आणि शिक्का मारून घ्या. अर्ज दोन दिवस आधी द्या, कारण निघायच्या सकाळी पोस्टाची खिडकी उघडायच्या आत तुमची गाडी सुटलेली असते.